‘अटी लागू’ न लिहिता

बँकेत लागण्याआधी नऊ वर्षं मी बिल्डरांच्या जाहिराती लिहायचे. ठाण्यात टॉवर उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. खाडी दिसणारी बाल्कनी असं मी लिहिलेलं, आणि ती खाडी सतराव्या मजल्याच्या एकाच कोपऱ्यातून, तेही टाचा उंचावल्या तर दिसायची. स्टेशनपासून दहा मिनिटं असंही लिहिलेलं. ती दहा मिनिटं पहाटे पाचला रिक्षा मोकळी मिळाली तर. या सगळ्या वाक्यांच्या शेवटी एक छोटी फुली असायची आणि पानाच्या तळाशी त्या फुलीचं स्पष्टीकरण, इतक्या बारीक अक्षरात की छापखानेवालाही विचारायचा, मॅडम, हे दिसायला हवंय की नको?

तर फुलीशी माझी जुनी ओळख. म्हणून ठाण्यातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मला घेतलं तेव्हा काम अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. आमचा जाहिरात विभाग म्हणजे तीन माणसं. एक साहेब, चित्रं-मांडणी करणारा एक डिझायनर आणि मजकूर लिहिणारी मी. सणाच्या शुभेच्छा, शाखेच्या सुट्टीची सूचना, ओटीपी कुणाला सांगू नका, असलं काय काय लिहून दिवस सरायचा. डोंबिवलीहून मी सकाळी आठला निघायचे, साडेनवाला टेबलावर. बरं चाललेलं.

एका सोमवारी साहेबांनी नव्या बचत खात्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. खाती आखणाऱ्या विभागाने पाठवलेलं ते टिपण इंग्रजीत, दोन पानी होतं. साहेब म्हणाले, ‘‘यातनं एक कॅप्शन काढ. फेसबुकला जाईल, व्हॉट्सअ‍ॅपला जाईल, आणि तेच शाखांमध्ये पोस्टरवर. वाचल्यावर माणूस थेट काउंटरला आला पाहिजे.’’

कागदात खालपर्यंत वाचलं. पहिले सहा महिने खात्यात काहीच शिल्लक ठेवायची गरज नाही. त्यानंतर महिन्याची सरासरी शिल्लक तीन हजार. कमी पडली तर शुल्क. व्याज तीन टक्के. मला पहिल्या ओळीतच माझं वाक्य सापडलं. वीस मिनिटांत लिहून दिलं.

‘झीरो बॅलन्स! झीरो टेन्शन! आजच उघडा आमचं नवं बचत खातं.’

आणि झीरो बॅलन्सवर फुली. खाली ‘अटी व शर्ती लागू’.

साहेब खूश झाले. नियमानुसार बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर नियमपालन अधिकाऱ्यांकडे जायचा. हे गृहस्थ निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, शुद्ध पुणेरी मराठी बोलणारे, हातात कायम लाल पेन. जाहिरात विभागात त्यांची दहशत होती. त्यांनी माझं कॅप्शन परत पाठवलं तेव्हा दोन्ही उद्गारचिन्हं खोडलेली होती आणि खाली एक परिच्छेद वाढवलेला होता. ‘सदर खात्यातील विहित सरासरी मासिक शिल्लक राखण्यात खातेदार असमर्थ ठरल्यास बँकेच्या प्रचलित धोरणानुसार आकारणी करण्यात येईल.’ डिझायनरने तो परिच्छेद मुंगीएवढ्या अक्षरात तळाला बसवला. नेहमीचंच काम, नेहमीसारखं झालं.

पोस्टर भिंतीवर कसं दिसतं ते बघायला एक नमुना छापून आम्ही बाळकुमच्या शाखेत लावायचं ठरवलं. बाळकुम आता सगळं उंच इमारतींचं, पण शाखा जुन्या गावठाणाच्या तोंडाशी आहे. तिच्या एका बाजूला सोसायट्यांमधले नोकरदार येतात आणि दुसऱ्या बाजूने गावातली जुनी माणसं. मी बुधवारी रिक्षाने गेलेले. शिपायाने पासबुक छापायच्या मशीनशेजारी पोस्टर चिकटवलं. मी चार पावलं मागे जाऊन मोबाइलवर फोटो काढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘‘पोरी, तू बँकेची का गो?’’

साठीच्या पुढची कोळीण होती. सकाळचा बाजार आटोपून आलेली, पाटी बाहेर पायरीवर ठेवलेली. अंगावर गडद हिरवं लुगडं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. मी हो म्हणाले.

‘‘मना वाचता येतं. सातवीपरत शिकलेली हाय मी,’’ ती म्हणाली. तिने पोस्टरजवळ जाऊन झीरोवर बोट ठेवलं. ‘‘ह्यो मोठा लिवलेला समजला. पन त्याच्या डोक्यावर फूल कशाला काढलाय?’’

मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं, ती फुलीबद्दल विचारत होती. तिला ती नक्षी वाटलेली.

‘‘मावशी, ते फूल नाही. खाली थोडी माहिती आहे, तिची खूण आहे ती.’’

ती वाकली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘सदर खात्यातील विहित’ इथपर्यंत तिने अक्षर अक्षर लावत वाचलं आणि सरळ उभी राहिली. ‘‘तू सांग ना. माझ्या सुनेचा खाता काढाचा हाय. ती घरून डबे देते, लोक मोबाइलवर पैसे टाकतात, ते आता नवऱ्याच्या खात्यात जातात. तिचा सोताचा पायजे. तर पैसे ठेवले नाय तरी चालंल ना?’’

‘‘चालेल,’’ मी म्हणाले. आणि मग थांबले. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, ही बाई इथेच या काउंटरपुढे उभी राहील असं मला दिसलं. ‘‘म्हणजे, सहा महिने चालेल.’’

‘‘आनि मंग?’’

‘‘मग सरासरी तीन हजार ठेवावे लागतील.’’

तिने पिशवीतून पासबुक काढून माझ्यापुढे धरलं. तिचं आमच्याच बँकेतलं जुनं खातं होतं, त्यालाही सरासरीचीच अट. गेल्या महिन्यात शुल्क कापलेलं, तेच विचारायला ती आलेली. म्हणाली, महिन्याच्या तीस तारखेला मी स्वतः येऊन तीन हजार भरले, चिठ्ठी आहे माझ्याकडे. मग का कापले?

उत्तर मला माहीत होतं आणि ते सांगायला लाज वाटत होती. महिनाभर खातं जवळजवळ रिकामं आणि एकच दिवस तीन हजार, तर सरासरी शंभरच्या आसपास येते. तिला कुणीतरी एवढंच सांगितलेलं की महिन्याला तीन हजार लागतात. तिने महिन्याला तीन हजार आणून दिले. यात तिचं काय चुकलं?

शाखेतल्या एक मॅडम काउंटर सोडून आल्या आणि त्यांनी तिला कागदावर गणित करून दाखवलं. तिला लगेच समजलं. रोजच्या धंद्याचा हिशेब तोंडी करणारी बाई ती. रागावली नाही. फक्त माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘हा असाच लिवाचा ना मंग भिंतीवर. मी पाटीत वर ताजी पापलेटा लावली आनि खाली बर्फातली, तर गिऱ्हाईक दुसरे दिवशी येल का माझेकडे?’’

पाटी उचलून ती गेली. सुनेच्या खात्याचं ‘बघू नंतर’ म्हणाली.

मॅडम काउंटरमागे परत जाता जाता मला म्हणाल्या, ‘‘रोज अशा दोन-तीन येतात. तुम्ही वरती लिहिता, आम्ही खाली समजावतो.’’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, थकवा होता. मी पोस्टर काढून घेतलं, गुंडाळी केली आणि परत आले. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत माझं लिहिलेलं वाचणारा माणूस मी कधी समोर बघितलाच नव्हता.

त्याच दुपारी मी नवं कॅप्शन लिहिलं. फुली नाही, बारीक अक्षर नाही. ‘पहिले सहा महिने झीरो बॅलन्स. त्यानंतर खात्यात कायम तीन हजार रुपये ठेवा. नाहीतर दंड बसेल.’ मला ते फार धीट आणि प्रामाणिक वाटलं.

साहेबांना वाटलं नाही. ‘‘अगं, आपल्याला खाती उघडायची आहेत, बंद नाही करायची. रस्त्यापलीकडची बँक बघ, तिने अख्ख्या काचेवर झीरो लिहिलंय. आपण दंड लिहायचा?’’

मी म्हणाले, ‘‘सर, दंड घेणार तर आहोत ना आपण?’’

‘‘ते त्यांना कळेलच की.’’

‘‘कधी?’’

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावर वरून खात्यांच्या आकड्याचा दबाव होता आणि दर शुक्रवारी त्यांना त्याचं उत्तर द्यावं लागायचं. शेवटी ते म्हणाले, ‘‘नियमपालनकडे ने. त्यांनी हो म्हटलं तर मी बघतो.’’ त्यांना खात्री होती की तिथे हे मरेल. मलाही होती.

नियमपालन अधिकाऱ्यांच्या खोलीत मी त्याआधी कधी बसलेले नव्हते. कागद आत जायचे, लाल होऊन बाहेर यायचे. त्यांनी माझ्या तीन ओळी वाचल्या आणि समोरची खुर्ची दाखवली.

‘‘वाचायला सोपं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण खरं नाही.’’

मी चमकले. मला वाटलेलं, ते अवघड शब्द घाला म्हणतील.

‘‘कायम तीन हजार ठेवा, हे तुम्ही लिहिलंय. पण आपली अट तशी नाही. एखाद्याने पंधरा दिवस सहा हजार ठेवले आणि उरलेले पंधरा दिवस खातं रिकामं ठेवलं, तरी त्याची सरासरी तीन हजार होते. त्याला काहीच लागत नाही. तुमचं वाक्य वाचून तो माणूस गरज असतानाही स्वतःचे पैसे काढायला घाबरेल. म्हणजे आधीच्या पोस्टरने फसला असता, या पोस्टरने घाबरेल. आपण दोन्ही वेळा चुकीचंच सांगितलं.’’

मग त्यांनी ‘दंड’ शब्दाभोवती गोल काढला. म्हणाले, यात खातेदाराने गुन्हा केलेला नाही, त्याच्याकडे पैसे कमी आहेत इतकंच. मी विचारलं, मग तुमचं ते ‘आकारणी करण्यात येईल’ काय सांगतं? कोण करणार, किती करणार, कधी करणार? त्या वाक्यात कुणीच नाहीये.

मला वाटलं, जास्त बोलले. मग त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि एक आठवण सांगितली. तरुणपणी ते कल्याणच्या शाखेत कारकून होते. असली पत्रं ते स्वतः टाइप करायचे. एकदा जवळच्या मोहने गावातून एक बाई आली. हातात त्यांचंच पत्र होतं आणि ती रडत होती. नवऱ्याला अटक होणार का, असं तिने विचारलं. पत्रात एवढंच होतं की पत्त्याचा पुरावा नव्याने आणून द्या. पण ‘सदर’, ‘अन्यथा’ आणि ‘कार्यवाही’ हे तीन शब्द वाचून ती सकाळपासून जेवली नव्हती.

‘‘मी तिला चहा दिला, समजावलं, पाठवलं,’’ ते म्हणाले. ‘‘आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच पत्र टाइप केलं. नमुनाच तसा होता. पुढे मी स्वतः नमुने ठरवायच्या जागेवर आलो, तरी तसेच ठेवले. चूक झाली तर अंगाशी येऊ नये म्हणून.’’

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. ‘‘बसा. एकेक वाक्य करू. तुम्ही सोपं करा, मी खरं आहे का बघतो.’’

त्यानंतरचे चार दिवस मी रोज दुपारी जेवण झालं की त्या खोलीत जायचे. आयुष्यात इतकं हळू मी कधी लिहिलं नव्हतं. ‘सरासरी’ या एका शब्दाला दीड दिवस गेला. मी म्हणायचे सरासरी सगळ्यांना कळते, ते म्हणायचे क्रिकेटमधली कळते, खात्यातली नाही. रोजची शिल्लक नेमकी कधीची धरायची, सकाळची की संध्याकाळची? दिवसअखेरची. मग तसं लिहा. शुल्क किती? कमी पडलेल्या रकमेच्या पाच टक्के. पाच टक्के कुणाला डोळ्यापुढे दिसत नाहीत, मी म्हणाले, रुपयांत सांगू. वर जीएसटी लागतो, तो का लपवायचा, ते म्हणाले. मी डोंबिवलीला घरी गेल्यावर वाक्यं माझ्या नवऱ्याला आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवायचे आणि त्यांना मध्येच थांबवून विचारायचे, आता सांगा काय समजलं. काकूंनी पहिल्या रात्री उलटंच सांगितलं. तिसऱ्या रात्री बरोबर सांगितलं आणि विचारलं, ‘‘पण सहा महिने कधीपासून गं?’’

हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत नेला, खाती आखणाऱ्या विभागाला विचारला. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी संगणक विभागातून उत्तर आलं की यंत्रणा खातं उघडलेला महिना हाच पहिला महिना धरते. म्हणजे कुणी अठ्ठावीस तारखेला खातं उघडलं, तर त्याचा पहिला महिना दोन-तीन दिवसांत संपणार. सहा महिने म्हणून सांगितलेले प्रत्यक्षात पाच महिने आणि दोन-तीन दिवस भरणार.

नियमपालन अधिकारी हे ऐकून हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. ‘‘लिहा तसं,’’ ते म्हणाले. ‘‘सहा महिने, पण महिन्याच्या शेवटी आलात तर पाच.’’

मी लिहिलं. वाचून बघितलं. ते वाक्य कुणालाच भिंतीवर लावता आलं नसतं.

मजकूर पक्का करायची बैठक पुढच्या गुरुवारी झाली. महाव्यवस्थापक बाई, आमचे साहेब, खाती आखणारे दोघे, नियमपालन अधिकारी आणि कोपऱ्यात मी. महाव्यवस्थापक बाईंनी कॅप्शन मोठ्याने वाचायला घेतलं आणि त्या वाक्यावर अडखळल्या. ‘‘हे काय आहे?’’

‘‘ही आपली अट आहे मॅडम,’’ नियमपालन अधिकारी म्हणाले. ‘‘आपण नवीन काहीच लिहिलेलं नाही. आत्तापर्यंत कुणी उच्चारली नव्हती एवढंच.’’

खाती आखणाऱ्यांपैकी एक म्हणाला, ते वाक्य गाळू, फार बारीक मुद्दा आहे. त्यावर नियमपालन अधिकारी शांतपणे म्हणाले, ‘‘लिहायला लाज वाटत असेल तर वाक्य गाळू नका, अट बदला. सहा महिने पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मोजा. बँकेला काय फरक पडणार आहे?’’

महाव्यवस्थापक बाईंनी संगणक विभागाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की बदल करायला दोन दिवस लागतील. त्या म्हणाल्या, करा. इतकं सोपं होतं ते. कुणी आधी विचारलंच नव्हतं.

आमच्या साहेबांनी तेव्हा माझी बाजू घेतली नाही, पण विरोधही केला नाही. ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो ही ओळही मला घालायची होती. त्याला मात्र ते ठाम नाही म्हणाले. खातं उघडण्याआधीच माणसाच्या मनात बँक बुडायचा विचार कशाला, विम्याची पाटी शाखेत आहेच. महाव्यवस्थापक बाईंनी त्यांचं ऐकलं. ती ओळ मी हरले. शेवटची ओळ मात्र राहिली. ज्याला इतकी शिल्लक जमणार नाही त्याच्यासाठी बँकेत बेसिक खातं असतं, हे सांगणारी. साहेबांनी तेवढं विचारलं, ‘‘आपण आपल्याच जाहिरातीत लोकांना हे खातं घेऊ नका असं सांगतोय का?’’ बाई म्हणाल्या, ‘‘ज्याला परवडणार नाही त्याला सांगतोय.’’

अखेर जे छापून आलं ते असं होतं.

‘आमचं नवं बचत खातं.

पहिले सहा महिने खात्यात एक रुपया नसला तरी चालेल. खातं उघडाल त्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून हे सहा महिने मोजू.

त्यानंतर महिन्याची सरासरी ३,००० रुपये हवी. रोज दिवसअखेर खात्यात जे असेल त्याची महिनाभराची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं, ही सरासरी. फक्त शेवटच्या दिवशी ३,००० भरून ती होत नाही. पैसे मधे काढलेत तरी हरकत नाही, सरासरी भरली म्हणजे झालं.

सरासरी कमी पडली तर आधी तुमच्या मोबाइलवर कळवू आणि एक महिना थांबू. तरीही कमी राहिली, तर जेवढी कमी असेल त्याच्या पाच टक्के कापू. उदाहरणार्थ, १,००० रुपये कमी असतील तर ५० रुपये आणि त्यावर ९ रुपये जीएसटी. यामुळे खातं शून्याच्या खाली कधी जाणार नाही.

व्याज सध्या वर्षाला तीन टक्के, दर तीन महिन्यांनी जमा. दर बदलू शकतो. आजचा दर शाखेतल्या फळ्यावर आहे.

एवढी शिल्लक ठेवणं जमणार नसेल तर बेसिक खातं घ्या. त्यात शिल्लक ठेवायची अट नाही, आणि महिन्यातून चारदा पैसे मोफत काढता येतात. काउंटरवर विचारा.’

सगळी अक्षरं एकाच आकाराची होती. डिझायनरने आधी कुरकुर केली, एवढा मजकूर कोण वाचणार म्हणून. मग त्याने शनिवारी येऊन ओळींमधली जागा तीन वेळा बदलली आणि मला फोनवर फोटो पाठवत राहिला. पोस्टरवर चित्र नव्हतं. तरी मला ते आमच्या सगळ्या पोस्टरांपेक्षा देखणं वाटलं.

फेसबुकवर टाकल्यावर पहिल्या दिवशी फारसं काही झालं नाही. एकाने लिहिलं, यात लपवलंय कुठे ते सांगा. दुसऱ्याने लिहिलं, एवढं खरं बोलताय म्हणजे काहीतरी गडबड आहे. साहेबांनी मला ते दाखवलं. मी त्या दोघांना उत्तरं दिली, आणखी काही विचारायचं असेल तर विचारा म्हणून. मग खरंच लोक विचारू लागले. एका डोंबिवलीच्या मुलीने विचारलं, पगार दहा तारखेला येतो आणि वीसपर्यंत संपतो, माझी सरासरी कशी निघेल? मी तिचा हिशेब करून दिला. तिच्या खाली आणखी दोघांनी आपापला विचारला. साहेब मागून वाचत उभे होते. ‘‘झीरो टेन्शनला अशा कमेंट यायच्या नाहीत,’’ ते म्हणाले. मी विचारलं, मग कशा यायच्या? ते म्हणाले, ‘‘अंगठे. नुसते अंगठे.’’

तीन आठवड्यांनी मी बाळकुमला गेले. बहाणा पोस्टरचा फोटो काढायचा होता. शाखेतल्या मॅडमनी पोस्टर मशीनजवळून काढून रांगेशेजारी लावलेलं, रांगेत उभं राहून वाचता येईल अशा उंचीवर. ‘‘लोक वाचून येतात आता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘प्रश्न तेवढेच विचारतात, पण आधी भांडायला यायचे, आता विचारायला येतात. आणि हो, बेसिक खाती बरीच उघडावी लागली. तुमच्या साहेबांना सांगू नका.’’ साहेबांना ते माहीत होतं. शुक्रवारच्या आकड्यांत ते दिसत होतं. पण नवी खातीही उघडत होती, आणि ती उघडणारी माणसं नेमकं काय घेतोय ते जाणून घेत होती.

मी निघणार इतक्यात कोळीणमावशी आत आली. या वेळी सून बरोबर होती. पंचविशीची, कानात हेडफोन, गळ्यात मोबाइल अडकवलेला. मावशीने मला ओळखलं की नाही कोण जाणे. ती थेट पोस्टरपुढे जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने वाचायला लागली. सुनेने हेडफोन काढला. सरासरीच्या ओळीवर मावशी थांबली, बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली आणि पुढे गेली. रांगेतले दोघे-तिघे ऐकत होते. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

मग सुनेला म्हणाली, ‘‘तुझे डब्याचे पैसे येतात आनि दुसरे दिवशी भाजीला जातात. खात्यात कवा टिकनार? आपल्याला ह्यो शेवटचाच बरा.’’

सून म्हणाली, ‘‘पण आई, चारदाच काढता येतात.’’

‘‘चारदा मोफत. तू भाजीवाल्याला मोबाइलवरून दे. त्यालाबी मोजतात का ते विचार.’’

सुनेने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, मोबाइलवरून दिलेले आम्ही त्या चारांत धरत नाही. मावशीने मान डोलावली. सुनेने आधार आणि पॅन काढून काउंटरवर ठेवलं. दुपारची वेळ, मॅडमपुढे गर्दी होती. मी म्हणाले, फॉर्म मी भरून देते.

आम्ही तिघी बाकावर बसलो. मी एकेक रकाना विचारत गेले आणि सून सांगत गेली. व्यवसायाच्या रकान्याशी ती अडखळली. ‘‘गृहिणी लिहा,’’ म्हणाली.

मावशी म्हणाली, ‘‘गृहिनी कशाला? डबे देते ना? तसा लिव.’’

मी ‘घरगुती डबे, स्वतःचा व्यवसाय’ असं लिहिलं आणि फॉर्म सुनेपुढे धरला. तिने तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, मग माझ्याकडून पेन घेऊन सही केली.